भागीदारीचा हिशोब तपासून द्या: ताळा जुळतोय, तरी उत्तर पटत नाही

पोरगी_दारव्ह्याची
नमस्कार मंडळी. बाबा आणि मामा यांची भागीदारीत एक मिनी दालमिल आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या नमुन्याची. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून घरात सगळ्यांना वाटतं की मला हिशोब येतो. मुनीमजींनी मार्चअखेरचं वाटप काढून दिलं. बाबा गप्प बसलेत आणि मामा खुशीत आहेत, त्यामुळे मला शंका आली.

करारपत्रात असं ठरलंय:
बाबांचं भांडवल 6,00,000, मामांचं 4,00,000.
भांडवलावर व्याज दरसाल दर शेकडा 10.
मिल मामा चालवतात, त्यांना पगार महिना 8,000.
राहिलेला नफा निम्मा-निम्मा.

1 ऑक्टोबरला बाबांनी आणखी 1,50,000 टाकले, नवी मोटर आणि पॉलिशर घ्यायला. मागच्या वर्षांचा नफा भांडवलात मिसळत नाही, त्याचं चालू खातं वेगळं आहे.

नफातोटा पत्रकात नफा आला 2,40,000. मुनीमजींचं वाटप असं: बाबांना व्याज 75,000. मामांना व्याज 40,000 आणि पगार 96,000. उरले 29,000, ते प्रत्येकी 14,500. म्हणजे बाबांना 89,500 आणि मामांना 1,50,500. बेरीज 2,40,000, अगदी बरोबर.

ताळा जुळतोय. पण साडेसात लाख ज्याचे अडकलेत त्याला एवढंच? हे बरोबर आहे का, कोणी तपासून सांगेल?

वऱ्हाडी_ठसका
ताई, सोपी गोष्ट आहे. ज्याचा पैसा जास्त त्याचा वाटा जास्त. 6 ला 4 च्या प्रमाणात वाटायला पाहिजे, निम्मं-निम्मं कशाला? आणि एक सांग, मामा दर महिन्याला पगार उचलतात की वर्षाच्या शेवटी घेतात? महिन्याला उचलत असतील तर तो एकदा मिळालेला आहे, पुन्हा कशाला द्यायचा?

मास्तरीणबाई
6 ला 4 कुठून आणलं? करारपत्रात निम्मं-निम्मं लिहिलंय ना? मग तेच चालेल. जास्त भांडवलाचा मोबदला बाबांना व्याजातून मिळतो, तेवढ्यासाठीच तर व्याज ठेवलेलं असतं. वाटाही भांडवलाच्या प्रमाणात दिला तर त्याच पैशाला दोनदा मान दिल्यासारखं होईल. दोघांनी ठरवलंच असतं तर तेही चाललं असतं, पण ठरवलेलं नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र मोलाचा आहे. त्याचं उत्तर आल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

नागपुरी_संत्रं
व्याज आधी खर्चात धरा आणि मग नफा काढा. आमच्या दुकानात आम्ही कर्जाचं व्याज असंच धरतो, सीए पण तेच सांगतो. व्याज नफ्यातून वाटतात हे पहिल्यांदाच ऐकतोय.

जुनी_वही
संत्रं भाऊ, तुम्ही बँकेच्या व्याजाबद्दल बोलताय, इथे मालकाच्या स्वतःच्या पैशावरच्या व्याजाचा विषय आहे. बँकेचं व्याज मिल तोट्यात गेली तरी द्यावंच लागतं, म्हणून ते खर्चात जातं. भागीदाराच्या भांडवलावरचं व्याज 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फक्त नफ्यातून मिळतं, तेही करारात ठरलेलं असेल तरच. एकच शब्द असल्यामुळे अशी गल्लत होते.

आता ताई, तुझ्या प्रश्नाकडे. मी तीस वर्षं सहकारी संस्थांच्या वह्या तपासल्या आहेत, म्हणून सवयीने आधी एक गोष्ट विचारतो. खतावणीत मजुरी व पगार खातं काढ. त्यात हमालांची, मशीनवाल्याची नोंद असेलच. मामांच्या नावाने दर महिन्याला 8,000 दिसतात का?

ताळा जुळण्यावर फार भरवसा ठेवू नकोस. 2,40,000 चे कसेही दोन तुकडे केले तरी त्यांची बेरीज 2,40,000 च येणार. वाटप केल्यावर काही सांडलं नाही, एवढंच ताळा सांगतो. मुळात वाटायला किती होतं, हे तो सांगत नाही.

कापूसकोंड्या
माह्यंबी असंच झालं बाप्पा. म्या आन् माह्या दोस्तानं मिळून मळणीयंत्र घेतलं. त्यानं 3 लाख टाकले, म्या 1 लाख. सोयाबीनच्या सीझनले धा गावं फिरलो म्या, धूळ खाल्ली म्या, तो घरी बसून राह्यला. खर्च जाऊन 90,000 उरले. आता तो म्हणते माह्ये पैसे जास्त, मले तीन हिस्से पाह्यजे. म्या म्हणतो मले पगार पाह्यजे. कागद काहीच नाही केला. कोन खरा?

पोरगी_दारव्ह्याची
@जुनी_वही काका, आत्ताच खतावणी पाहिली. हो. मजुरी व पगार खात्यात एप्रिल ते मार्च दर महिन्याला "मामा पगार 8,000" आहे. बारा नोंदी, 96,000. दिवाळीला जास्त काही उचललेलं नाही, मी दोनदा पाहिलं.

म्हणजे तो पगार खर्चात धरूनच 2,40,000 आले?

जुनी_वही
हो. गाडी तिथेच रुळावरून उतरली.

मामांचा पगार खर्चात लिहून एकदा नफ्यातून गेला आणि मामांच्या खिशात पोचला. मग वाटपाच्या वेळी मुनीमजींनी करारपत्र उघडलं, त्यात पगार दिसला, आणि उरलेल्या नफ्यातून तो दुसऱ्यांदा दिला. मुनीमजींच्या मनात खोट असेल असं मला वाटत नाही. वर्षभर लिहिणारा हात वेगळा आणि शेवटी वाटणारा हात वेगळा असला की असं होतं. एकाच माणसाचे दोन्ही हात असले तरी होतं.

हिशोब असा मांड. आधी पगार परत मिळव: 2,40,000 + 96,000 = 3,36,000. मिलने भागीदारांसाठी वर्षभरात कमावलं ते एवढं, आणि वाटायचं ते एवढं. मग व्याज काढ. त्यातही एक चूक आहे, ती तू शोध. मुनीमजींनी 75,000 कुठून आणले?

पोरगी_दारव्ह्याची
7,50,000 चे 10 टक्के! मार्चअखेरच्या ताळेबंदातलं भांडवल घेतलं. पण दीड लाख तर ऑक्टोबरपासूनच आहेत, त्यांचं सहा महिन्यांचंच व्याज यायला हवं. म्हणजे 60,000 आणि 7,500, मिळून 67,500.

काका, ही चूक तर बाबांच्या फायद्याची आहे. मी फक्त मामांच्या फायद्याच्या चुका शोधत बसले होते.

जुनी_वही
ते बोललीस ते बरं केलंस. हिशोब तपासणाऱ्याला आपला कोण आणि परका कोण हे विसरावं लागतं, आणि घरच्या भागीदारीत तेच सगळ्यात अवघड.

आता पुरं कर:

वाटायचा नफा 3,36,000
व्याज: बाबा 67,500, मामा 40,000
पगार: मामा 96,000
उरले 1,32,500, प्रत्येकी 66,250

बाबा: 67,500 + 66,250 = 1,33,750
मामा: 40,000 + 96,000 + 66,250 = 2,02,250
दोन्ही मिळून 3,36,000.

मामांनी 96,000 वर्षभरात घेऊन झालेत, म्हणून त्यांच्या खात्यात आता 1,06,250 च जमा करायचे.

वऱ्हाडी_ठसका
एवढं गोल फिरून यायची काय गरज होती? 2,40,000 मधून फक्त व्याज काढा, 1,07,500. उरतात 1,32,500. तेच आले! पगार परत मिळवा, मग परत काढा, हे कशाला? म्या आधीच म्हटलं होतं पगार पुन्हा देऊ नका.

मास्तरीणबाई
उत्तर तेच येतं, आणि तुम्ही आधीच बोलला होतात हेही खरं. पण आमच्याकडे बारावीच्या पेपरात असं लिहिलं तर गुण जातील. भागीदाराचा पगार हा मजुराच्या पगारासारखा खर्च नाही, ती नफ्याची वाटणी आहे. म्हणून तो नफातोटा खात्यात न येता नफ्याची वाटणी दाखवणाऱ्या विनियोजन खात्यात येतो.

पेपर बाजूला ठेवला तरी फरक पडतो. पगार खर्चात राहिला तर पुढच्या वर्षी मिल विकायची वेळ आली किंवा बँकेला पत्रकं दाखवायची झाली, तर नफा 2,40,000 दिसेल. मिलने तर 3,36,000 कमावलेत.

जुनी_वही
बाईंच्या म्हणण्याला माझी एक पुरवणी. व्यवहारात बरीच लहान दुकानं भागीदाराचा पगार खर्चातच लिहितात, त्याने लगेच आकाश कोसळत नाही. एकदा ज्या खात्यात टाकला तिथेच ठेवायचा, दोन्हीकडे टाकायचा नाही, एवढं पाळलं की झालं.

आणि ताई, आता खरी तपासणी. माझं उत्तरही डोळे मिटून घेऊ नकोस. जुन्या आणि नव्या उत्तरातला फरक काढ आणि तो कशामुळे आला हे रुपयापर्यंत सांगता येतंय का ते बघ. नाही सांगता आलं तर दोन्हीपैकी एकात अजून काहीतरी दडलंय.

पोरगी_दारव्ह्याची
करून पाहिलं.

मुनीमजींच्या हिशोबाने मामांना एकूण मिळाले असते: आधी घेतलेले 96,000 आणि वाटपाचे 1,50,500, म्हणजे 2,46,500. बरोबर उत्तर 2,02,250. मामांना 44,250 जास्त. बाबांना 89,500 ऐवजी 1,33,750 हवे होते, म्हणजे 44,250 कमी. इथवर दोन्ही बाजू सारख्या आल्या.

आता हे 44,250 कुठून आले? पगार दोनदा दिल्यामुळे उरलेला नफा 96,000 ने कमी झाला, त्यातला निम्मा बोजा बाबांवर: 48,000 चं नुकसान. व्याज 7,500 जास्त धरल्यामुळे बाबांना 7,500 मिळाले, पण उरलेला नफा तेवढाच घटला आणि त्यातले 3,750 बाबांच्याच वाट्याचे गेले. निव्वळ फायदा 3,750. 48,000 वजा 3,750 = 44,250.

काका, जुळलं! हे जुळलं तेव्हा अंगावर काटा आला, खरं सांगते.

जुनी_वही
जुळणारच होतं, तरी वाचून बरं वाटलं.

करवाला_पोट्ट्या
मधेच तोंड घालतो, माफ करा. मी करसल्लागाराच्या ऑफिसात काम करतो. 1 एप्रिल 2025 पासून फर्मने भागीदाराला दिलेला पगार, व्याज वगैरे मिळून वर्षात 20,000 च्या वर गेलं की 10 टक्के टीडीएस कापावा लागतो, पैसे हातात न देता खात्यात जमा केले तरी. यात नफ्याचा वाटा येत नाही. तुमच्या आकड्यांवर मामांचे 1,36,000 आणि बाबांचे 67,500, दोघंही बसतात. आणि व्याज 12 टक्क्यांच्या वर असलं तर वरचा भाग आयकरात खर्च म्हणून चालत नाही, तुमचं 10 आहे म्हणून तो प्रश्न नाही.

गावाकडच्या फर्मांना हे बहुतेक माहीतच नसतं, म्हणून सांगितलं.

पोरगी_दारव्ह्याची
हे घरी कोणालाच माहीत नव्हतं. मुनीमजींनाही नसावं. उद्या विचारते.

कापूसकोंड्या
माह्या मळणीयंत्राचं कोनीच नाई सांगून राह्यलं.

जुनी_वही
सांगतो बाबा. पण ऐकायला आवडणार नाही, तुलाही आणि दोस्तालाही. कागद नसला आणि तोंडीही काही ठरलं नसलं, तर कायदा म्हणतो नफा सारखा वाटा. 45,000 त्याचे, 45,000 तुझे. त्याच्या जास्त पैशाला व्याज नाही, तुझ्या धूळ खाण्याला पगार नाही.

तोंडी ठरलेलंही चालतं, किंवा मागच्या हंगामात ज्या पद्धतीने वाटलं त्यावरूनही ठरलं असं धरता येतं, पण ते दाखवता आलं पाहिजे. मागच्या हंगामात काय केलं होतं?

कापूसकोंड्या
मागच्या सीझनले यंत्रच नव्हतं. घेऊन वर्स नाही झालं. म्हणजे म्या उन्हात मराचं आन् त्यानं सावलीत बसून 45 घ्याचे? हा कोनता कायदा होय?

वऱ्हाडी_ठसका
आन् त्याचे 3 लाख अडकले ते? बँकेत ठेवले असते तर व्याज आलं असतं त्याले. दोघंबी नाराज आहात म्हणजे न्याय झाला समज.

मास्तरीणबाई
पुढच्या हंगामाआधी एक स्टॅम्पपेपर घ्या दोघं मिळून. या वर्षाचं मात्र आता बोलूनच सुटेल.

मला वेगळा प्रश्न पडलाय, मुलीच्या हिशोबावरूनच. समजा यंदा तूर महाग मिळाली आणि मिलने 3,36,000 ऐवजी फक्त 1,01,750 कमावले. व्याज आणि पगार मिळून हक्क 2,03,500 चा, आणि हातात त्याच्या बरोबर निम्मे. आम्ही शिकवतो की प्रत्येक हक्काचा निम्मा द्यायचा: बाबांना 33,750, मामांना व्याजाचे 20,000 आणि पगाराचे 48,000. पण मामांनी पगार तर महिन्या-महिन्याला पूर्ण घेतलाय. मग?

जुनी_वही
मग मामांचा हक्क झाला 68,000 आणि घेतले 96,000. वरचे 28,000 त्यांची उचल म्हणून त्यांच्या खात्यावर नावे पडतील. बाईंच्या पद्धतीने असं येतं.

पण इथे माझं मत थोडं वेगळं आहे. भांडवलावरचं व्याज नफ्यातूनच, हे कायद्यात स्पष्ट आहे. पगाराबद्दल तसं वाक्य नाही. करारात ठरला नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मिळत नाही, एवढंच आहे. करारात "नफा होवो वा न होवो" असे शब्द असतील तर पगार आधी पूर्ण द्यावा लागेल आणि तोटा दोघांनी वाटून घ्यावा लागेल. तुझ्या करारपत्रात पगाराचं वाक्य नेमकं कसं आहे, ताई?

पोरगी_दारव्ह्याची
शब्दशः: "द्वितीय भागीदार हे मिलचे दैनंदिन काम पाहतील व त्यांस दरमहा रु. 8,000 वेतन दिले जाईल." नफ्याचं काहीच नाही.

मास्तरीणबाई
मग मी म्हणते तसंच. तो भागीदार आहे, नोकर नाही.

जुनी_वही
"दिले जाईल" हे ठाम वाक्य आहे, बाई. दोन्ही बाजूंनी भांडता येईल. यंदा नफा आहे म्हणून हा प्रश्न झाकलेला राहिला.

पोरगी_दारव्ह्याची
चार दिवसांनी परत आले. मुनीमजींना सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पगार खातं पाहिलं, आणि "हाव, चूक झाली" एवढंच म्हणाले. वाद घातला नाही. टीडीएसचं ऐकून मात्र घाबरले, आता यवतमाळला कोणाला तरी विचारणार आहेत. मामा थोडे हिरमुसले, पण फरक रुपयापर्यंत समजावल्यावर मान्य केलं.

पण नवीनच भानगड निघाली. मामा म्हणतात, ऑक्टोबरचे दीड लाख भांडवल नव्हतेच. मोटरीसाठी बाबांनी मिलला उसने दिले होते, हंगामानंतर परत घ्यायचे होते. बाबा म्हणतात भांडवल. कीर्दीत फक्त "बाबांकडून जमा 1,50,000". मुनीमजींनी स्वतःच्या अंदाजाने ते भांडवल खात्यात टाकले.

जुनी_वही
उसने असतील आणि दर ठरला नसेल तर भांडवलाखेरीज दिलेल्या रकमेला कायद्यात दरसाल 6 टक्के आहेत. सहा महिन्यांचे 4,500. हे व्याज मिल तोट्यात असली तरी देय असतं आणि खर्चातच जातं, संत्रं भाऊंच्या बँकेसारखं. मग बाबांचं भांडवलावरचं व्याज 60,000 च राहील, उरलेला नफा 1,35,500 होईल, प्रत्येकी 67,750.

बाबा: 60,000 + 67,750 + 4,500 = 1,32,250
मामा: 40,000 + 96,000 + 67,750 = 2,03,750

म्हणजे या सगळ्या वादाची किंमत यंदा दीड हजार रुपये. पण भांडवल ठरलं तर ते पैसे मिलमध्ये राहिले आणि पुढच्या वर्षी व्याज पूर्ण 15,000. उसने ठरले तर बाबा परत मागू शकतात. वादाचं मूळ तिथे असावं.

देताना दोघांचं काय बोलणं झालं होतं, तिसरं कोणी हजर होतं का?

पोरगी_दारव्ह्याची
आई होती. ती म्हणते मला यात ओढू नका, एक माझा नवरा आहे आणि एक माझा भाऊ.

वऱ्हाडी_ठसका
आईले सलाम.

नागपुरी_संत्रं
मी पण आमच्या दुकानाची खतावणी काढून बसलोय. भावाचा पगार दोन ठिकाणी दिसतोय. कोणाला सांगू नका.

कापूसकोंड्या
दोस्ताशी बोललो. तो म्हणते यंदा निम्मं घे, पुढच्या सीझनले डिझेल तुह्यं. ह्याचा हिशोब कसा कराचा बाप्पा?